‘तृतीय पक्ष’ म्हणजे नेमकं कोण, हे पालकांना मराठीत सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या फोनवर प्रवेश परीक्षांच्या क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. समोरच्या माणसाला तिचं नाव माहीत होतं, शाळा माहीत होती, आणि बीजगणितात ती कच्ची आहे हेही माहीत होतं. शाळेने हे कुणाला सांगितलं नव्हतं. ते मार्क होते शिकवणीच्या ॲपवर तिने दिलेल्या सराव परीक्षांचे.

मी बारा वर्षं पतपेढ्यांची संगणकाची कामं करतो, त्यामुळे ॲपचं गोपनीयता धोरण उघडून वाचलं. इंग्रजीत अकरा पानं आणि खाली त्याचं मराठी. त्यातलं एक वाक्य असं : ‘सेवा सुधारण्याच्या हेतूने आम्ही आपली माहिती संलग्न तृतीय पक्षांसोबत सामायिक करू शकतो.’ शब्द मराठी आहेत, पण यातून पालकाला काय कळणार? कोणती माहिती, कुणाला, कधी, यातलं काहीच त्यात नाही. आणि ‘शकतो’ म्हटलं की देतात की नाही देत, हेही कळत नाही.

मुलीच्या शिकवणीच्या क्लासचे सर माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी माहिती विकली नव्हती. ते धोरण त्यांनी स्वतःही वाचलेलं नव्हतं. ॲप बाहेरच्या एका कंपनीचं, सर दर विद्यार्थ्यामागे वर्षाचे पैसे भरतात आणि धोरण कंपनीने दिलं तसं लावलेलं. रात्री आठची बॅच सुटल्यावर आम्ही दोन दिवस वही घेऊन बसलो. प्रवेशाच्या फॉर्मवरची एकेक गोष्ट घ्यायची आणि तिच्यापुढे लिहायचं : कशाला लागते, कुणाकडे जाते, कधी पुसली जाते.

आधार कार्डाच्या फोटोपुढे सर अडले. ‘सगळेच घेतात’ यापलीकडे कारण निघेना, तेव्हा तो रकानाच काढून टाकला. ॲप फोनमधले सगळे संपर्कही मागत होतं. त्याबद्दल तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातच उदाहरण दिलेलं आहे : डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि माणसाने ‘हो’ म्हटलं, तरी सल्ल्याला ती यादी लागत नसल्याने ती संमती तिथे लागू होत नाही. शिकवणीलाही ती लागत नाही.

खरा वेळ गेला ‘कुणाकडे जाते’ या रकान्यात. तीन नावं लगेच सापडली : ॲपची कंपनी, मेसेज पाठवणारी कंपनी, फी ऑनलाइन घेणारी कंपनी. यांच्याशिवाय काम चालत नाही, आणि तसं सांगितलं तर पालकही समजून घेतात. चौथं नाव सापडेना. शेवटी मुलीने दाखवलं. ॲपमध्ये ‘मोफत शिष्यवृत्ती चाचणी’ असं एक बटण होतं. ते दाबलं की फॉर्म येई आणि त्याच्या तळाशी एक चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच केलेली. मुलांनी नुसतं ‘पुढे’ दाबलं होतं. सरांनी कंपनीला लेखी विचारलं तेव्हा उत्तर आलं, की ही चाचणी देणाऱ्यांचे नंबर आणि मार्क प्रवेश परीक्षांच्या एका क्लासला जातात.

कायद्याप्रमाणे संमती माणसाने स्वतः, स्पष्ट कृतीने द्यावी लागते. आधीच केलेली खूण ही पालकाची कृती नव्हे. शिवाय मूल अठरा वर्षांखालचं असेल तर संमती आईवडिलांची हवी, आणि ती त्यांनीच दिली याची खातरजमा हवी. याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. क्लासवाल्यांना बांधणारा मुख्य भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतो. माहितीची सूचना साध्या भाषेत आणि बाकी मजकुराशिवाय एकटी वाचली तरी कळेल अशी असावी, हेही त्या नियमांतच आहे. पालकाला ती मराठीत मागता येते. पण मे २०२७पर्यंत थांबायचं कारण काय?

आमच्या नव्या पानावर त्या जुन्या वाक्याच्या जागी आता हे आहे : ‘तुमच्या मुलाचं नाव, तुमचा नंबर आणि मुलाचे मार्क आम्ही दुसऱ्या कुठल्याही क्लासला किंवा कॉलेजला देत नाही. हजेरीचे मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला फक्त तुमचा नंबर आणि मेसेजचा मजकूर दिसतो.’ खाली तिन्ही कंपन्यांची नावं. शिष्यवृत्तीचं बटण आधी बंद करून घेतलं, मगच हे वाक्य लिहिलं. आधी वाक्य लिहून बटण तसंच ठेवलं असतं, तर ते पान खोटं ठरलं असतं.

पान तयार झाल्यावर मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती सातवी शिकलेली आहे. मग तीन प्रश्न विचारले. नंबर कुणाला जातो, ते तिने बरोबर सांगितलं. तक्रार कुणाकडे करायची, तेही सांगितलं. ‘पोरीने क्लास सोडला तर तिचा फोटो कुठे जातो?’ यावर म्हणाली, ‘ॲप काढून टाकलं की गेला.’ चूक तिची नव्हती, आमच्या पानात ते नीट आलंच नव्हतं. ॲप काढलं की ते फक्त आपल्या फोनमधून जातं, कंपनीकडची माहिती तशीच राहते. म्हणून नवीन ओळी घातल्या : ‘फोनमधून ॲप काढल्याने माहिती पुसली जात नाही. क्लास सोडताना सरांना एक मेसेज करा. फोटो, हजेरी आणि मार्क सात दिवसांत काढले जातील. कंपनीच्या राखीव प्रतीत ते आणखी तीस दिवस राहतात, मग तिथूनही जातात. फीच्या पावत्या हिशेबासाठी ठेवाव्या लागतात. त्यांवर फक्त नाव, तारीख आणि रक्कम असते.’ तीस दिवसांचा आकडा कंपनीकडून लेखी घेतलेला आहे. हे वाचून दाखवल्यावर आईने बरोबर सांगितलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कितीतरी घरांत वडील मुंबईला चाकरमानी, नंबर त्यांचा आणि फोन पोराच्या हातात. मूल रात्री फोन करतं, ‘बाबा, ओटीपी आलाय तो सांगा,’ आणि वडील सांगतात. ॲपच्या लेखी ती पालकांची संमती झाली, पण त्या बापाने काहीच वाचलेलं नसतं. यावर आम्हाला पक्का उपाय सापडलेला नाही. तूर्त एवढंच केलं आहे, की ओटीपीच्याच मेसेजमध्ये एक ओळ जाते : ‘हा आकडा सांगितलात तर मुलाचं नाव, फोटो आणि मार्क ॲपमध्ये ठेवायला तुमची परवानगी आहे असं धरलं जाईल.’

जे नंबर आधीच बाहेर गेले ते परत येत नाहीत; आमच्याकडे फोन अजून येतात. इतर पालकांनी निदान एक करावं. फोनच्या सेटिंगमध्ये क्लासचं ॲप उघडून परवानग्या पाहाव्यात आणि धोरणाशी ताडून बघावं. धोरणात लोकेशनचा उल्लेख नाही आणि परवानगीत ते कायम चालू आहे, असं दिसलं तर सरांना विचारावं.

नवीन पान लागल्यावर परळहून एका वडिलांनी सरांना फोन केला. मुलीचा फोटो नको, बाकी चालेल, म्हणाले. सरांनी त्याच संध्याकाळी फोटो काढला.

आपला,
एक पालक
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी