टक्के कशाचे धरलेत? एम 30 च्या तीन गाड्यांबद्दल तक्रार

साहेब नमस्कार,

शनिवारी मुलुंडच्या आमच्या साइटवर स्लॅबसाठी तुमच्या प्लांटवरून 6-6 क्यूबिकच्या तीन गाड्या आल्या, त्याबद्दल लिहितोय. पहिली गाडी मस्त होती. दुसरी ओतली तर माल पाण्यासारखा पसरला, वर पाणी सुटलं आणि रात्री 11 ला पाहिलं तर पहिल्या गाडीच्या भागावर उभं राहता येत होतं पण दुसऱ्याच्या भागात अंगठा दाबला की सरळ रुतत होता, दोन्हींच्यात फरक जेमतेम पाऊण तासाचा. म्हणून रात्रीच तिन्ही बॅच स्लिपा घेऊन बसलो.

मंजूर डिझाइनमध्ये एका क्यूबिकला सिमेंट 300 किलो, फ्लाय अ‍ॅश 100 किलो, पाणी 160 लिटर. त्यात स्पष्ट लिहिलंय की अ‍ॅडमिक्श्चर 0.8 टक्के सिमेंटच्या वजनावर, म्हणजे 2.4 किलो, आणि फ्लाय अ‍ॅश 25 टक्के ही सिमेंट अधिक अ‍ॅश अशा एकूण 400 वर. पहिल्या गाडीची स्लिप बरोबर हेच दाखवते.

दुसऱ्या गाडीत अ‍ॅडमिक्श्चर 3.2 किलो आहे. हा आकडा कुठून आला ते लगेच कळतं, कोणीतरी 0.8 टक्के 400 वर काढलेत. क्यूबिकला 800 ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही हो, पण तो डोस एक तृतीयांशाने जास्त झाला आणि गाडीत मिळून 4.8 किलो जादा गेलं, आणि हे अ‍ॅडमिक्श्चर सेटिंग लांबवणारंच आहे तर माल उशिरा सेट होणारच.

तिसऱ्या गाडीत उलटी चूक. अ‍ॅडमिक्श्चर 2.4 बरोबर, पण फ्लाय अ‍ॅश 75 किलो, म्हणजे 25 टक्के 300 वर काढले. पाणी मात्र 160 च ठेवलं, त्यामुळे पाण्याचं प्रमाण 0.40 वरून जवळजवळ 0.43 वर गेलं. पूर्ण गाडीत 150 किलो अ‍ॅश कमी. तेवढ्याने स्लॅब पडणार नाही हे मलाही माहीत आहे, पण ज्या मिक्सचे ट्रायल क्यूब फोडून आम्ही मंजुरी दिली ते हे मिक्स नाही, आणि बिल मात्र त्याच मिक्सचं लावलंय.

फोनवर तुमचे ऑपरेटर म्हणाले "टक्के तर तेच टाकलेत ना". अहो टक्के तेच आहेत, पण कशाचे ते बदललं की वजन बदलतं, आणि काटा वजनच मोजतो, त्यामुळे चुकीचा आकडाही स्लिपवर अगदी व्यवस्थित छापून येतो. रेसिपीत टक्के भरूच नका, प्रत्येक बॅचला किलो भरा, आणि बॅच अर्ध्या क्यूबिकची असेल तर 1.2 किलो असं तिचं वेगळं.

दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचे क्यूब आमच्याकडे आहेत, 7 आणि 28 दिवसांना तुमच्या माणसासमोर फोडू. कमी आले तर कोअर काढायचा खर्च तुमचा. तोपर्यंत दुसऱ्या भागाचे टेकू आम्ही काढत नाही, त्या वाढीव दिवसांचं सेंटरिंगचं भाडं बिलातून कापा, आणि पुढच्या गाडीआधी दुरुस्त केलेली रेसिपी सही करून पाठवा, त्याशिवाय गाडी गेटच्या आत घेणार नाही.