हँडओव्हरच्या धड्याबद्दल

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

नव्या नर्सेससाठीच्या पुस्तिकेतल्या शिफ्ट हँडओव्हरच्या भागाचा तुझा मसुदा वाचला. नोंदीत काय काय असावं याची यादी त्यात व्यवस्थित आहे, पण एकही नोंद पूर्ण लिहिलेली नाही. नवी मुलगी यादी पाठ करते आणि ड्यूटी संपताना तरीही लिहिते, "रुग्ण स्थिर. व्हायटल्स नॉर्मल. औषधं ऑर्डरप्रमाणे दिली. विशेष तक्रार नाही." म्हणून एकच रुग्ण घे आणि त्याच्यावर सगळा भाग उभा कर. मी एक काल्पनिक उदाहरण तयार केलं आहे, ते असं.

बेड 6. वय 62, स्त्री, वजन 60 किलो. मोठ्या आतड्याचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया आज सकाळी 11 वाजता संपली. पोटात एक ड्रेन, लघवीसाठी कॅथेटर, हाताला सलाईन. आपली नर्स दुपारी 2 ते रात्री 8 च्या ड्यूटीवर आहे. 2 वाजता पल्स 84 आणि बीपी 128/78. 5 वाजता 98 आणि 118/72. 7 वाजता 112 आणि 108/66. यातला 108/66 हा बीपी एकटा पाहिला तर कुणीही "ठीक" म्हणेल. पण तिन्ही वेळा ओळीने लिहिल्या की पल्स चढतोय आणि बीपी उतरतोय हे लगेच दिसतं. रक्तस्राव सुरू झाला की शरीर आधी पल्स वाढवून बीपी सांभाळून धरतं, बीपी बराच नंतर कोसळतो. म्हणून "व्हायटल्स नॉर्मल" हे शब्द पुस्तिकेत सरळ मना कर. आकडा, वेळ आणि आधीचा आकडा, तिन्ही हवेत. रुग्ण आधीपासून बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असेल तर पल्स म्हणावा तितका वाढत नाही, म्हणून अशी गोळी चालू असेल तर तीही नोंदीत पल्सच्या शेजारीच यायला हवी.

लघवीचं गणित तर विद्यार्थिनींकडून फळ्यावर करून घे. दर तासाची नोंद अशी: 60, 55, 50, 40, 20, 25 मिली. बेरीज 250. नोंदीत "सहा तासांत 250 मिली" एवढंच लिहिलं तर सरासरी ताशी 40 च्या वर येते. मोठ्या माणसात किलोमागे ताशी अर्धा मिली, म्हणजे या बाईंना ताशी 30 मिली, ही नेहमीची खालची मर्यादा. सरासरी तिच्या वर आहे म्हणून रात्रीची सिस्टर निर्धास्त राहील. प्रत्यक्षात शेवटचे दोन्ही तास मर्यादेच्या खाली आहेत. बेरजेने ते झाकले.

ड्रेनची नोंद सगळ्यात जास्त फसते. आपल्या उदाहरणात 2 वाजता 60, 5 वाजता 110 आणि 8 वाजता 240 मिली जमलं आहे. पहिल्या तीन तासांत 50, पुढच्या तीन तासांत 130, आणि रंग फिकट लालसरवरून गडद लाल झालेला. आता बाटली रिकामी केली की नाही हे लिहिलं नाही, तर रात्रीची सिस्टर 9 वाजता 260 वाचेल आणि एका तासात 260 आलं असं समजून धावपळ करेल. उलट बाटली रिकामी करून न लिहिता गेलं, तर 20 मिली पाहून तिला वाटेल की शस्त्रक्रियेपासून एवढंच आलं आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून घाल: वाहता ड्रेन एकदम थांबला तर "ड्रेन शून्य" लिहून पुढे जायचं नाही. नळीत गुठळी अडकली असेल किंवा नळी अंगाखाली दबली असेल. नळी पाहिली का, तेही नोंदीत यावं.

आता पूर्ण नोंद. ही जशीच्या तशी छाप:

"बेड 6. आतड्याची शस्त्रक्रिया, आजचाच दिवस. पेनिसिलिनने अंगावर पुरळ येतं. काळजीचं कारण: पल्स वाढतोय, लघवी कमी, ड्रेन जास्त आणि गडद लाल, रक्तस्रावाची शंका. पल्स/बीपी: 2 वा. 84, 128/78, 5 वा. 98, 118/72, 7 वा. 112, 108/66. लघवी 5 ते 6: 40, 6 ते 7: 20, 7 ते 8: 25 मिली, युरोबॅग 8 वा. रिकामी केली. ड्रेन 8 वा. 240 मिली, रिकामा केलेला नाही, बाटलीवर खूण केली आहे. 7:10 ला सर्जनना फोन केला. ऑर्डर परत वाचून दाखवली. रिंगर लॅक्टेट 500 मिली 7:15 ते 7:45 दिलं. 7:50 ला पल्स 104, बीपी 112/68. हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचसाठी रक्त 7:20 ला पाठवलं, रिपोर्ट बाकी. शस्त्रक्रियेआधीचं हिमोग्लोबिन 12.1. रात्री 10 चं एनोक्सापॅरिन रक्तस्रावाच्या शंकेमुळे सर्जनच्या सांगण्यावरून थांबवलं आहे, ते पाहून सांगेपर्यंत द्यायचं नाही. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेतून 6 वा. दिलं, पुढचा डोस रात्री 12 आधी नाही. पुढे: पल्स, बीपी दर 15 मिनिटांनी, लघवी, ड्रेन दर तासाला. पल्स 110 च्या वर, वरचा बीपी 100 च्या खाली, तासाला लघवी 30 पेक्षा कमी किंवा ड्रेनमध्ये तासाला 50 पेक्षा जास्त आलं तर लगेच फोन. सर्जन 8:30 पर्यंत येणार."

शेवटच्या मर्यादा या रुग्णासाठी सर्जनने सांगितलेल्या आहेत, हे खाली टीप म्हणून लिही. नाहीतर मुली त्या प्रत्येक बेडला लावतील.

नोंदीतून सुटली तर सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे एनोक्सापॅरिन. औषधाच्या चार्टवर 10 चा रकाना कोरा दिसतो आणि कारण कुठेच नाही. रात्रीच्या सिस्टरला वाटतं, राहून गेलं. ती प्रामाणिकपणे इंजेक्शन देते, आणि रक्त गोठू न देणारं औषध रक्तस्राव होणाऱ्या बाईंच्या अंगात जातं. थांबवलेल्या औषधाला चार गोष्टी हव्यात: कोणतं, कुणी थांबवलं, का, आणि पुन्हा कधी विचारायचं. चार्टवरचा रकानाही कोरा ठेवायचा नाही.

नोंदीतून सुटणारी दुसरी गोष्ट म्हणजे बाकी रिपोर्ट. "रक्त पाठवलं" एवढ्यावर काम संपत नाही. रिपोर्ट कोण पाहणार, कुणाला कळवणार, हे समोरासमोर ठरवून नाव घालायचं. आणि हिमोग्लोबिन 11.8 आलं तरी सैल पडायचं नाही. रक्त जाताना पेशी आणि पाणी एकत्रच जातात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा जवळजवळ आधीसारखाच येऊ शकतो.

नोंद लिहून झाली की दोघींनी बेडजवळ जाऊन ती वाचायची, ड्रेनवरची खूण, सलाईनची गती आणि कॅथेटरची नळी डोळ्यांनी पाहायची. रुग्ण जागा असेल तर त्याच्यासमोर, पण शेजारच्या बेडला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. चुकलेला शब्द खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने घालवायचा नाही. एक रेघ मारून सही आणि वेळ. मागाहून सुचलेली गोष्ट मधे कोंबायची नाही, "उशिरा नोंद" लिहून खाली घालायची.

ड्रेनच्या बाटलीवर खूण कशी करायची याचं एक चित्र मसुद्यात टाकशील का? चिकटपट्टीवर वेळ आणि मिली लिहिलेलं, पातळीच्या अगदी रेषेत लावलेलं. चित्र झालं की पाठव, मी आकडे ताडून पाहते.

तुझी,
मैत्रीण