चार्जर नव्हे, न्यूट्रल तपासा

पुण्यातल्या एका वसतिगृहात राहतो. जूनपासून आमच्या खोलीतले तीन लॅपटॉप चार्जर जळाले. वॉर्डन सरांचं उत्तर ठरलेलं: 'स्वस्तातले चार्जर आणता.' तिसरा कंपनीचाच होता, पावतीही दाखवली. मग सॉकेट बदललं. आठवड्यात तेही काळं पडलं.

सकाळी शेजारच्या विंगेत गिझर लागले की आमचा पंखा रेग्युलेटरला हात न लावता सुसाट सुटतो. अशा वेळी ओळखीच्या वायरमनने मीटर लावला, तर 290 व्होल्ट! चार्जरवर स्पष्ट छापलंय, 100 ते 240. त्याच्या मते मेन बोर्डातला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल आहे. थ्री-फेज जोडणीत वीज तीन तारांतून, म्हणजे फेजमधून, येते; न्यूट्रल सुटला की विजेचा दाब त्यांच्यात असमान वाटला जातो. ज्या फेजवर भार कमी, तिथे तो चढतो. तिथे नवं सॉकेट काय करणार?

सर, परवानाधारक वायरमनकडून वीज बंद करून न्यूट्रलचे जोड तपासून घट्ट करून घ्या, जास्त व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरणही बसवा. तोवर आम्ही गिझरच्या वेळी प्लग काढून ठेवतोय. परीक्षा मात्र सोमवारपासून आहे.

– एक वसतिगृहवासी विद्यार्थी, पुणे