बाबांच्या बंद झालेल्या लॉगिनबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, “तूच तिथून उघड, ओटीपी आला की सांगते.” तेव्हा मी विषय बदलला, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. बाबांचे नेट बँकिंग इथे बसून मी उघडायचे नाही, असे मी ठरवले आहे. आळस म्हणून नाही आणि तुम्हाला एकटे सोडायचे म्हणूनही नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे तुम्ही कायम पाळत आलात, आणि त्या ‘कोणालाही’मध्ये मीसुद्धा आले पाहिजे. उद्या माझ्या नावाने कोणी फोन केला, तर तुम्हाला क्षणभरही विचार करावा लागू नये. शिवाय या वेळी तो ओटीपी तुमच्याकडे येणारच नाही. बँकेत बाबांचा नंबर अजून जुन्या सिमचाच आहे, आणि ते सिम आपण बंद केले.

आधी काळजीचे बोलते. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा पडल्यामुळे बंद झाले आहे ते फक्त लॉगिन, खाते नाही. पेन्शन जमा होईल, चेक वटेल, एटीएममधून पैसे निघतील. मुदत ठेवीचे नूतनीकरणही पावती दाखवून काउंटरवर होते. त्यामुळे बाबांनी रात्री जागून पुन्हा प्रयत्न करू नयेत. साधे कुलूप बऱ्याच बँकांत दुसऱ्या दिवशी आपोआप निघते किंवा नवा पासवर्ड घरबसल्या घेता येतो. पण त्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, आणि आपली वाट तिथेच अडली आहे. म्हणून शाखेत जावे लागेल.

तिथे अर्ज दोन द्यायचे आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला मोबाइल नंबर बदलण्याचा, दुसरा लॉगिन सुरू करून नवा पासवर्ड मिळण्याचा. क्रम उलटला, तर नव्या पासवर्डचा संदेशही जुन्याच नंबरवर जाईल. बंद केलेला नंबर कंपनी किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तसे झाल्यास आपल्या खात्याचे संदेश परक्या माणसाच्या हातात पडतील. म्हणून घाई करायची, ती लॉगिनची नव्हे, नंबरची.

सोबत पासबुक, आधार आणि पॅन यांच्या मूळ प्रती न्या, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सवर बाबांनी स्वतः सही करावी. खाते दोघांचे असले, तरी लॉगिन बाबांचे एकट्याचे आहे. आईच्या सहीवर ते सुरू होणार नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावरचा ग्राहक क्रमांक आणि आठवत असेल तर युजरनेम अर्जात लिहा. जुना पासवर्ड मात्र कुठेही लिहू नका. बाबा, हल्ली तुमचा हात थोडा कापतो. सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही असे अधिकारी म्हणाले, तर वाईट वाटून घेऊ नका. ओळखपत्र दाखवून नमुना सही नव्याने नोंदवून घेता येते. ते आधीच विचारून घेतलेत, तर हेलपाटा वाचेल.

लहानपणी तुम्ही मला बँकेत न्यायचात, पैसे काढण्याची स्लिप भरायचात आणि पितळेचे टोकन माझ्या मुठीत द्यायचात. नंबर पुकारला जाईपर्यंत मी ते घट्ट धरून बसायचे. आज तुमच्या शेजारच्या खुर्चीत मी नसेन, हे मनाला फार लागते. म्हणून दादाला सुट्टी घ्यायला सांगितले आहे. तो येईल, पण अर्ज तुम्हीच द्यायचा, बोलायचेही तुम्हीच.

आता माझे ऐकायचे. पेन्शनच्या दिवसांतली गर्दी ओसरल्यावर जा. नाश्ता आणि बीपीची गोळी घेतल्याशिवाय घर सोडायचे नाही. जाता-येता रिक्षा करायची. आई, चष्मा आणि पाण्याची बाटली तू आठवणीने पिशवीत टाक. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शाखेचा शिक्का घ्या. नंबर बदलल्यावर काही बँका थोडा काळ व्यवहारांवर मर्यादा ठेवतात. ती किती दिवसांची, हे तिथेच विचारा.

नवा पासवर्ड मिळाल्यावर लगेच लॉगिन करू नका. बाबांच्या फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे. काही टाइप करण्याआधीच चौकटीत काळे ठिपके दिसले, तर तो तोच समजायचा. तसाच पुढे गेला, तर लॉगिन पुन्हा बंद पडेल. दादाकडून तो आधी काढून घ्या. या काळात ‘बँकेतून बोलतोय, लॉगिन सुरू करून देतो’ असा फोन आला किंवा कोणी ॲप पाठवले, तर काही न बोलता फोन ठेवा. ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नका. तो एटीएम कार्डाच्या मागे छापलेला आहे. चुकून काही सांगितले गेलेच, तर त्याच नंबरवर बँकेला कळवून लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, आणि मला सांगायला अजिबात संकोचू नका.

शाखेतून आल्यावर आधी जेवून घ्या, मग मला फोन करा.

तुमची,
ताई