वाघाचा पंजा उठलेला नाही, रुतलेलाच आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात उमरेडकडच्या जंगलरस्त्यावरील वाघाच्या पंजाच्या ठशाचा फोटो होता. ठसा मातीत रुतलेला दिसण्याऐवजी पोळीसारखा फुगून वर आलेला दिसत होता. आमच्या धंतोलीतल्या चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागला, की कोणीतरी साच्याने ठसा उठवून फोटो काढला. ही शंका वनरक्षकांच्या कामावर येते, म्हणून लिहितो.

तोच अंक उलटा धरून पाहा, म्हणजे डोके खाली, पाय वर. ठसा क्षणात आत जातो. कागदावरची शाई मात्र तीच असते.

फोटोत खोली नसते, फक्त उजेड आणि सावली असते. प्रत्यक्ष ठसा पाहताना दोन डोळ्यांना तो किंचित वेगवेगळा दिसतो, आपण मानही हलवतो, त्यातून खोली कळते. सपाट कागदावर हा आधार जातो आणि मेंदूला सावलीवरूनच अंदाज करावा लागतो. तिथे तो एक गोष्ट गृहीत धरतो, उजेड वरून येतो. सूर्य वर, दिवा वर, ही सवय पक्की आहे. म्हणून वरची कड उजळ आणि खालची काळी असेल तर त्याला उंचवटा दिसतो; उलट असेल तर खड्डा.

आता फोटो कसा काढला असेल ते पाहू. हिवाळ्यातली सकाळ, ऊन तिरपे. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायची पद्धत आहेच. फोटोग्राफर ठशावर वाकला की त्याच्या पायांकडची बाजू चित्राच्या तळाशी येते आणि ऊनही तिकडूनच. खड्ड्याची अलीकडची भिंत सावलीत राहते, पलीकडची उजळते. म्हणजे वर उजळ, खाली काळे. नेमकी उंचवट्याची खूण!

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली दाखवले, की मेंदूचे हे ‘वर’ आकाशाकडचे नसून आपल्या डोक्याकडचे असते. म्हणून कागद न फिरवता पाय फाकवून, वाकून पायांमधून पाहिले तरी ठसा पालटतो. माझ्या नातवाने करून पाहिले, त्याला जमले.

खरी दिशा ओळखायची तर फोटोतली ओळखीची वस्तू शोधावी. आपल्या फोटोत ठशाशेजारी गवताची काडी उभी आहे. तिची सावली वरच्या बाजूला पडली आहे, म्हणजे ऊन खालून आले. एवढे कळूनही काहींना ठसा फुगलेलाच दिसत राहतो. डोळ्यांत दोष नाही, माहिती असूनही ती सवय सुटत नाही. ढगाळ दिवशी सावली पुसट असते आणि भर दुपारी आखूड, तेव्हा हा घोळ फारसा होत नाही.

विनंती एवढीच, की असा फोटो छापताना ऊन वरून येईल असा फिरवून छापावा. जमिनीच्या फोटोला वरची बाजू अशी नसतेच. पंजाची बोटे खाली आली तर फोटोखालच्या ओळीत तसे लिहावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
धंतोली, नागपूर