परिचयाच्या त्या चार मिनिटांसाठी

आदरणीय गुरुजी,
सादर प्रणाम.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्याचं शाळेत स्वागत झालं. मंडप, हार, चहा-पोहे सगळ्यांना दिसले. परिचय कुणी उभा केला ते दिसलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्याकडे होता दोन पानी बायोडेटा. नुसत्या पदव्या आणि कंपन्यांची नावं. तो वाचला असता तर पुढे सतरंजीवर बसलेली पहिली-दुसरीची पोरं दोन मिनिटांत चुळबुळायला लागली असती. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि कपाटातून जनरल रजिस्टर काढायला लावलंत. दाखल जून 1974, सातवी पास होऊन दाखला नेला 1981 च्या उन्हाळ्यात.

याच दोन तारखांनी आम्हाला वाचवलं. 1972 च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची आणि पाहुणे ती न खाता धाकट्या बहिणीसाठी रुमालात बांधून न्यायचे, असं गावात तिघांनी सांगितलं होतं. आम्ही ते लिहूनही काढलं होतं. पण तेव्हा पाहुणे शाळेतच नव्हते. रजिस्टरची काही पानं मागे उलटली, तर त्यांच्या थोरल्या भावाचं नाव सापडलं. आठवण खरी होती, मुलगा दुसरा होता. भर सभेत ते वाचलं असतं तर पाहुण्यांना एक तर गप्प बसावं लागलं असतं, नाही तर आम्हाला खोडून काढावं लागलं असतं. त्यानंतर त्यांच्या वर्गातल्या दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय एकही आठवण तुम्ही कागदावर येऊ दिली नाहीत.

रजिस्टरात जन्मतारीख 1 जून आहे. त्या काळी निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनलाच असायचा, कारण शाळेत घालताना तीच लिहिली जायची. तुम्ही ती ओळ काढलीत. जात, फी माफी आणि मार्कही काढलेत. शिवाय आदल्या दिवशी पाहुण्यांना फोन करून विचारलंत, ‘काय सांगू नये?’ अनवाणी येण्याचा उल्लेख नको, एवढंच ते म्हणाले.

मग उरली एकच आठवण, कडुलिंबाला तारेने टांगलेल्या रुळाच्या तुकड्याची. सातवीत तास द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. तारेजवळ मारलं की आवाज बद्द येतो, खालच्या मोकळ्या टोकाला मारलं की ओढ्यापलीकडे ऐकू जातो, हे त्यांनी हेरलं होतं. ‘तोच मुलगा आज पवनचक्कीच्या पात्यांची थरथर तपासतो,’ हे तुमचं वाक्य. बायोडेट्यातली दोन पानं त्यात आली आणि मागे बसलेल्या आयांनाही त्यांचं काम कळलं. सगळा परिचय चार मिनिटांत आटोपला.

नंतर पाहुणे उठून थेट कडुलिंबाखाली गेले. हातोडी चौथीतल्या मुलीकडे देऊन म्हणाले, ‘खाली मार, अजून खाली.’

तुमच्या अक्षरातला तो कागद रजिस्टरच्या कपाटातच फाईल करून ठेवला आहे.

आपले,
मुख्याध्यापक, शिक्षकवृंद आणि शाळा व्यवस्थापन समिती