एका चेहऱ्याची पाच मिनिटे

पुणे,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. शाळेतले चित्रकलेचे तास सांभाळून लग्नसमारंभांत आणि जत्रांमध्ये बसून समोरच्या माणसांचे गमतीने थोडे ताणलेले चेहरे काढावेत, असे तुझ्या मनात आल्याचे वाचून मला फार आनंद झाला. हात जलद कसा करावा, एका चित्राचे किती घ्यावेत आणि कामे कुठून मिळतात, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. सात वर्षे हे काम केल्यावर मला तिन्हींचे मूळ एकच दिसते. एका चेहऱ्याला आपल्याला नेमकी किती मिनिटे लागतात हे एकदा पक्के कळले, की दर त्यावरून बांधता येतो आणि कोणते काम घ्यावे, कोणते सोडावे हेही त्यावरूनच ठरते. म्हणून वेगाविषयी सविस्तर लिहितो.

घरी वीस मिनिटांत होणारे चित्र पाच मिनिटांत काढायचे म्हणजे हात चौपट पळवायचा, अशी सुरुवातीला माझी समजूत होती आणि त्यापायी मी कितीतरी कागद वाया घालवले. मग एकदा मोबाइल स्टँडवर लावून मी चित्र काढतानाचा स्वतःचा हात चित्रित केला. प्रत्यक्ष रेघ उमटत होती तो वेळ जेमतेम सहा मिनिटांचा होता. बाकीचा सगळा वेळ खोडण्यात, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवण्यात आणि ‘आता पुढे काय’ या विचारात जात होता. त्या दिवसापासून मी खोडरबर बाजूला ठेवला आणि थेट ब्रशपेनने काढू लागलो. रेघ पुसता येत नाही हे हाताला कळले, की डोळे आधी नीट पाहायला शिकतात.

समोर माणूस बसला की पहिला अर्धा मिनिट कागदाला हात लावू नकोस. त्याच्याशी बोल, गाव विचार, त्याला हसू दे, आणि तेवढ्या वेळात फक्त दोन गोष्टी ठरव: डोक्याचा एकूण आकार कसा आहे, आणि दोन डोळे व नाक मिळून जी जागा व्यापतात ती चेहऱ्याच्या मानाने लांबट आहे, आखूड आहे की पसरट. साम्य येते ते बहुतेक या दुसऱ्या गोष्टीमुळे. डोळे एकमेकांच्या जवळ असतील तर ते आणखी थोडे जवळ आणायचे आणि गालांना मोकळी जागा सोडायची. नाक लांब असेल तर हनुवटी आपोआप आखूड करावी लागते. एक अवयव ताणला की शेजारच्याने जागा दिलीच पाहिजे, नाहीतर चित्र विद्रूप होते आणि ओळखही हरवते. आपल्या भाषेत याला अर्कचित्र म्हणतात, तो शब्द मला फार योग्य वाटतो. चेहऱ्याचा अर्क तेवढा काढून घ्यायचा. मी डोळे, नाक, ओठ, मग चेहऱ्याची कड आणि शेवटी केस, या क्रमाने जातो. तुझा क्रम निराळा असला तरी चालेल, पण तो रोज एकच असावा.

सरावासाठी मी बसस्थानकावर बसत असे. फोटोवरून सराव केला तर माणूस मान हलवतो, बोलतो, मुलाला हाक मारतो याची सवय होत नाही. रोज दहा चेहरे काढ. पहिले दोन आठवडे प्रत्येकी बारा मिनिटांचा गजर लाव, मग आठचा, मग पाचचा. गजर वाजला की चित्र अर्धे असले तरी पेन खाली ठेव आणि काय राहिले ते वहीत लिही. माझ्या वहीत सलग नऊ दिवस ‘केस’ हाच शब्द होता. तेव्हा लक्षात आले की मी एकेक बट रंगवत बसतो. त्यानंतर केसांचा एकच ठोकळा धरून चार-पाच जाड रेघांत तो संपवायला शिकलो आणि दीड मिनिट वाचले. त्याचप्रमाणे चेहऱ्याखालची सात-आठ छोटी शरीरे तोंडपाठ करून ठेव: हात जोडलेले, फेटा सावरणारे, मूल कडेवर घेतलेले. मात्र चार मिनिटांच्या खाली जायचा अट्टहास करू नकोस. निदान माझ्या हातून तिथे साम्य निसटते. साम्य साधले की नाही, याची खूण समोर बसलेल्याकडे शोधू नये. त्याच्या मागे उभी असलेली माणसे चित्र पुरे होण्याआधीच हसू लागली, की जमले म्हणून समजावे.

लग्नातले चेहरे हा वेगळाच अभ्यास आहे. सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर फेटे असले की कपाळ, टक्कल, केसांची ठेवण, सगळे झाकले जाते आणि डोक्याचा आकार हाती लागतच नाही. मग भुवयांपासून हनुवटीपर्यंत जे दिसते त्यावरच ओळख उभी करावी लागते. नथ वरचा ओठ आणि एक नाकपुडी झाकते, त्यामुळे नथ आधी काढून मागे ओठ बसवू गेलास तर ओठ हमखास सरकतो. ओठ आधी, नथ नंतर.

दुसऱ्या वर्षीची एक चूक मला अजून बोचते. एका स्वागत समारंभात मी वधूची हनुवटी जरा ताणली. चित्र म्हणून ते त्या संध्याकाळचे सर्वांत चांगले होते. तिने ते पाहिले, काही बोलली नाही, आणि तिच्या आईने तो कागद हलकेच पालथा करून खुर्चीवर ठेवला. त्या पालथ्या कागदाकडे पाहत मी पुढची दोन तास चित्रे काढली. तेव्हापासून वधूवरांच्या बाबतीत मी हसू, डोळे आणि दागिने यांपलीकडे काही वाढवत नाही. पुढे आलेले दात, डाग, वर्ण, लठ्ठपणा यांना तर कुणाच्याही बाबतीत हात लावत नाही. जत्रेत माणूस स्वतः हौसेने पैसे देऊन बसतो, लग्नात त्याला कुणीतरी ओढून बसवलेले असते, हा फरक कायम ध्यानात ठेव.

आता दराकडे वळतो. जत्रेत नगावर दर लावावा आणि लग्नात तासावर. माझे हात पोळल्यानंतरच मी या निर्णयाला आलो आहे. जत्रेचा हिशेब असा पाहा. गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या एका प्रदर्शनात मी अर्धा स्टॉल सहा हजारांना घेतला होता. ए-फोर आकाराच्या कृष्णधवल चित्राचे एका चेहऱ्याला 250 रुपये घेतले. चार दिवसांत अनुक्रमे 14, 19, 41 आणि 38, म्हणजे एकूण 112 चेहरे झाले आणि 28,000 रुपये जमा झाले. स्टॉलभाडे, कागद-पाकिटांचे 900 आणि प्रवासाचे 1,200 वजा जाता 19,900 उरले. पहिल्या दोन दिवसांचे आकडे पाहून धीर सोडू नये. शनिवार-रविवारीच जत्रा भरते. आणि फलकावर ‘एका चेहऱ्याचे’ असेच ठळक लिही. ‘एका चित्राचे’ असे लिहिलेस तर पाच जणांचे कुटुंब एकाच कागदावर यायला बघेल, आणि त्यांचे काही चुकणार नाही.

लग्नात यजमानाकडून नगावर पैसे घ्यायचे मी एकदाच कबूल केले. रात्री अकरा वाजता चित्रे मोजण्यावरून वाद झाला, कारण पाहुणे आपापली चित्रे घेऊन केव्हाच घरी गेले होते. आता मी तासाला 2,500 रुपये आणि किमान तीन तास, असे सांगतो, आणि तासाला सुमारे दहा चेहरे होतील हे लेखी कळवतो. मिनिटांचा हिशेब इथे कामाला येतो. पाच मिनिटांना एक, म्हणजे तासाला बारा होतात, पण उठण्या-बसण्यात आणि कागद पाकिटात घालण्यात दोन निघून जातात. तीन तासांत तीस चेहरे. पाहुणे चारशे असतील, तर सगळ्यांची चित्रे होणार नाहीत हे यजमानाला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय तारीख राखून ठेवू नकोस.

कार्यालयात पोहोचल्यावर जागा स्वतः निवड. जेवणाच्या टेबलांजवळ बसलास तर तेलकट बोटे कागदाला लागतात, डीजेजवळ बसलास तर रंगीत दिवे कागदावर फिरत राहतात आणि रेघच दिसत नाही. चिमट्याने लागणारा, चार्जिंगचा पांढरा दिवा बोर्डाला लावून ने. व्यासपीठाकडे जाणारी रांग जिथे वळते, ती जागा उत्तम. क्रमांकाच्या चिठ्ठ्या दे आणि संपायच्या अर्धा तास आधी चिठ्ठ्या देणे थांबव, म्हणजे शेवटी रांगेत ताटकळलेल्या कुठल्या आजीला ‘आता नाही’ म्हणायची वेळ येत नाही.

कामे मिळण्याविषयी माझा अनुभव असा, की लग्नाची कामे जत्रेतूनच येतात. प्रत्येक चित्राच्या मागे नाव आणि क्रमांकाचा शिक्का मार. चित्र घरातल्या भिंतीवर लागते आणि पुढच्या लग्नाची बोलणी त्याच घरात होतात. छायाचित्रकार, मेंदीवाल्या ताई आणि मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक यांना तारखा महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतात, तेव्हा त्यांना जाऊन भेट, आणि शक्य तर त्यांचाच चेहरा तिथल्या तिथे काढून दे. छापील पत्रकापेक्षा ते अधिक लक्षात राहते. कार्यक्रमांचे कंत्राट घेणारे लोक मधे असतील तर पंधरा-वीस टक्के मागतात. ते द्यायला हरकत नाही, पण यजमानाला सांगायचा दर तुम्हा दोघांत एकच ठरलेला असावा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि आषाढात थंडावतो. चातुर्मासात मी कंपन्यांचे कौटुंबिक मेळावे आणि शाळांचे आनंदमेळावे घेतो. मुंबईला गेलास की जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर बसणाऱ्या व्यक्तिचित्रकारांजवळ तासभर नुसता उभा राहा. थबकलेल्या माणसाला ते खुर्चीपर्यंत कसे आणतात, ते पाहण्यासारखे असते.

पुढच्या पंधरवड्यात माझे इथे एक लग्नाचे काम आहे आणि पाहुणे पाचशेच्या घरात आहेत, म्हणून दुसरा चित्रकार आणण्याची परवानगी मी यजमानांकडून घेतली आहे. तुला शनिवारी शाळेतून लवकर निघता आले तर दुपारच्या गाडीने ये. बोर्ड आणि दिवा माझ्याकडे जादा आहेत. ब्रशपेन तेवढे तुझ्या हातातले आण. तोवर रोजच्या दहा चेहऱ्यांची वही सुरू कर आणि येताना ती बरोबर घे. तुझे काय अर्धे राहते ते मला पाहायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र